तीच माती, पाण्याचे दोन आकडे

रस्त्याच्या भरावावर टँकर पाणी मारत असतो आणि मागून रोलर फिरत असतो. पाणी किती मारायचं, हे प्रयोगशाळेच्या अहवालातून येतं. त्यात दोन आकडे असतात. माती जास्तीत जास्त घट्ट बसते ते पाण्याचं प्रमाण म्हणजे ओएमसी, आणि तेव्हा मिळणारी सर्वांत जास्त कोरडी घनता म्हणजे एमडीडी. हे दोन्ही आकडे त्या मातीचे कायमचे गुण आहेत, असं अनेक जण धरून चालतात. खरं तर माती किती जोराने ठोकली, यावर ते बदलतात.

ही चाचणी लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यातले इंजिनिअर राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये मांडली. त्यांच्यासमोर मातीची धरणं होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात जड विमानांच्या धावपट्ट्यांसाठी तेवढी दबाई पुरेना, म्हणून अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअरांनी ठोके जड केले. आपल्याकडे भारतीय मानकात या दोन्ही पद्धती आहेत. हलक्या दबाईत एक लिटरच्या साच्यात माती तीन थरांत भरतात आणि प्रत्येक थराला २.६ किलोच्या रॅमरचे ३१ सेंटीमीटरवरून २५ ठोके देतात. जड दबाईत थर पाच, रॅमर ४.९ किलोचा आणि उंची ४५ सेंटीमीटर. ठोके थरामागे तेवढेच. हिशेब केला तर मातीत जाणारी ऊर्जा सुमारे साडेचार पट होते.

समजा, एका चिकणसर मातीवर दोन्ही चाचण्या केल्या. हलक्या दबाईत सर्वांत जड भरलेल्या साच्यात २००६ ग्रॅम ओली माती बसली आणि पाणी निघालं १८ टक्के. हे टक्के कोरड्या मातीच्या वजनावर काढतात, म्हणून २००६ ला १.१८ ने भागायचं. कोरडी माती आली १७०० ग्रॅम, म्हणजे एमडीडी १.७० ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर. जड दबाईत २१२० ग्रॅम माती बसली आणि पाणी १४ टक्के भरलं. कोरडी माती १८६० ग्रॅम, एमडीडी १.८६. ऊर्जा साडेचार पट झाली, पण घनता वाढली नऊ-साडेनऊ टक्के. पाणी मात्र चार टक्क्यांनी खाली आलं.

असं का होतं, ते त्या एका लिटरच्या आत पाहिलं की कळतं. कणांची घनता २.७ धरली, तर पहिल्या साच्यात मातीच्या कणांनी ६३० घनसेंटीमीटर जागा घेतली आहे आणि पाण्याने ३०६. हवेला उरले ६४. दुसऱ्यात कण ६८९, पाणी २६० आणि हवा ५१. हवा दोन्हीकडे जवळपास सारखीच आहे. थोडं पाणी कणांना सरकायला मदत करतं, मातीची ढेकळं मऊ पाडतं. पण ठोका क्षणभराचा असतो. तेवढ्यात चिकणमातीतून पाणी बाहेर पडू शकत नाही. मग जास्तीचं पाणी कणांची जागा अडवून बसतं. रॅमर हलका असेल तर कण हलवायला पाण्याची मदत जास्त लागते. जड रॅमर ते काम स्वतःच्या जोरावर करतो, म्हणून त्याला कमी पाणी पुरतं आणि वाचलेल्या जागेत माती बसते. स्वच्छ वाळूत हा फरक बराच कमी दिसतो.

साईटवर घोटाळा होतो तो इथे. महामार्गांच्या सबग्रेडला आपल्याकडे जड दबाईच्या एमडीडीच्या किमान ९७ टक्के घनता लागते. वरच्या मातीत ती होते सुमारे १.८०. आता पाणी हलक्या चाचणीच्या आकड्यावरून १८ टक्के मारलं, तर काय होईल? या पाण्याला हवेचा कणही उरला नाही, तरी घनता १.८२ च्या पुढे जाऊच शकत नाही, आणि सगळी हवा रोलरने कधीच निघत नाही. पाच टक्के पोकळी हवेची राहिली तरी १.७९ वरच अडकलो. मग फेऱ्या वाढवल्या जातात. रोलरपुढे माती लाटेसारखी उचलते, मागे परत वर येते, पायाखाली रबरासारखी लवते. तेव्हा रोलर थांबवून थर उकरावा, वाळू द्यावा आणि मग पुन्हा दाबावा.

उलट फसगतही होते. वाळूभरण चाचणीत १.७५ घनता निघाली, तर हलक्या एमडीडीशी तुलना करून अहवालात १०३ टक्के लिहिता येतं. जड एमडीडीशी तोच थर ९४ टक्के, म्हणजे नापास. शंभराच्या वर टक्केवारी दिसली, की पहिला प्रश्न चाचणी कोणती होती, हा विचारावा.

काळ्या मातीत मात्र जड आकडा गाठण्याचा हट्ट महागात पडतो. कमी पाण्यात अतिघट्ट दाबलेली काळी माती पावसाळ्यात पाणी ओढते आणि जोराने फुगून वरचा रस्ता उचलते. म्हणून भरावात ती वापरावीच लागली, तर घनतेची अट सैल ठेवून ती ओएमसीच्या थोडी ओलसर बाजूला दाबतात. धरणाच्या चिकणमातीच्या गाभ्यालाही ओलसर बाजूच मानवते, कारण भराव खचताना तो तडकण्याऐवजी वाकतो.