शब्दकोशातली नोंद कशी वाचावी

शब्दकोशातल्या एका शब्दाखाली जे काही छापलेले असते, त्या सगळ्याला मिळून नोंद म्हणतात. नोंद म्हणजे शब्द आणि त्याचा अर्थ, एवढेच बहुतेक विद्यार्थी धरून चालतात. शब्द सापडला की पहिला अर्थ वहीत उतरवायचा आणि कोश मिटायचा. मधल्या 'पु.', '(ल.)', 'वाप्र.', '[सं.]' या खुणांकडे कुणाचे लक्ष जात नाही. पण एका शब्दाचे चार-पाच अर्थ असतात तेव्हा समोरच्या वाक्यात त्यांतला कोणता बसतो, हे ठरवायला याच खुणा उपयोगी पडतात.

उसाच्या लागवडीविषयी एक वाक्य घेऊ : 'लागणीसाठी निरोगी बेण्याची दोन डोळ्यांची टिपरी वापरावीत.' पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला यात अडण्यासारखे काही नाही. शहरातल्या सातवीच्या मुलाला मात्र हे वाक्य गोंधळात टाकते. त्याच्या माहितीची लागण रोगाची असते, डोळे माणसाचे असतात आणि टिपरी नाचातली. कोश उघडल्यावर पहिली अडचण येते ती शब्द सापडण्याची.

'लागणीसाठी', 'बेण्याची', 'डोळ्यांची' असे शब्द कोशात नसतात. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे जे रूप होते त्याला सामान्यरूप म्हणतात, आणि कोश देतो ते मूळ रूप. म्हणून प्रत्यय सोडवून मागे जावे लागते : लागणी-वरून 'लागण', बेण्या-वरून 'बेणे', डोळ्यां-वरून 'डोळा'. क्रियापद 'णे' लावून शोधायचे असते. 'वापरावीत' हे 'वापरणे' खाली मिळते, 'गेला' हे 'जाणे' खाली. नोंदीच्या सुरुवातीला ठळक छापलेल्या या मूळ रूपाला शीर्षशब्द म्हणतात. जुन्या कोशात आणखी एक फरक दिसतो. 1962 मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले. त्याआधीच्या कोशांत 'बेणें', 'करणें' असे अनुस्वार असतात आणि आजचा 'कवी' तिथे 'कवि' म्हणून, ऱ्हस्व इकाराच्या जागी बसलेला असतो. शब्द मिळाला नाही, तर तो कोशात नाही असे ठरवण्याआधी जुन्या लेखनाने एकदा शोधून पाहावा.

आता 'डोळा' या शब्दाची नोंद पाहू. ती कोणत्याही एका कोशातून उतरवलेली नाही. मराठी कोशांच्या रीतीने, समजावण्यापुरती ती इथे बांधली आहे :

डोळा—पु. १ पाहण्याचे इंद्रिय, नेत्र. २ (ल.) लक्ष, नजर. ३ (शेती) ऊस, बटाटा इ. वरील कोंब फुटण्याची जागा. ४ मोरपिसावरील ठिपका. वाप्र. ॰लागणे—झोप येणे. (एखाद्यावर) ॰ठेवणे—पाळत ठेवणे. सामाश. डोळेझाक—स्त्री. मुद्दाम केलेले दुर्लक्ष.

शीर्षशब्दाला लागून येणारी पहिली खूण व्याकरणाची असते. 'पु.' म्हणजे पुल्लिंगी नाम, 'स्त्री.' म्हणजे स्त्रीलिंगी, 'न.' म्हणजे नपुंसकलिंगी. 'वि.' हे विशेषण आणि 'क्रिवि.' हे क्रियाविशेषण. अकर्मक क्रियापदापुढे 'अक्रि.' येते, सकर्मकापुढे 'सक्रि.'. काही नामांपुढे दोन लिंगे दिलेली असतात. 'बाग' पुल्लिंगीही आहे आणि स्त्रीलिंगीही. 'तो बाग' म्हणणारा आणि 'ती बाग' म्हणणारा, दोघेही बरोबर असतात.

लिंगाची खूण परीक्षेतल्या 'लिंग ओळखा' या प्रश्नापुरतीच असते, असा पुष्कळांचा समज असतो. उसाच्या वाक्यातला 'टिपरी' हा शब्द तो खोटा ठरवतो. कोशात 'टिपरी' असा स्त्रीलिंगी शब्द आहे, अर्थ : खेळात किंवा नाचात एकमेकींवर वाजवायची लहान काठी. पण वाक्यात 'टिपरी वापरावीत' असे आहे. शब्द स्त्रीलिंगी असता तर अनेकवचनी 'टिपऱ्या वापराव्यात' झाले असते. 'वापरावीत' हे रूप नपुंसकलिंगी अनेकवचनाचे आहे. म्हणजे इथले 'टिपरी' हे कुठल्यातरी नपुंसकलिंगी एकारान्त शब्दाचे अनेकवचन असले पाहिजे, जसे 'तळे' चे 'तळी'. तेव्हा शोधायचा शब्द 'टिपरे—न.', म्हणजे उसाचा लागणीसाठी तोडलेला तुकडा. शेजारशेजारच्या या दोन नोंदींतली योग्य कोणती, हे 'स्त्री.' आणि 'न.' या खुणांवरूनच ठरले.

क्रियापदाच्या खुणेचा उपयोगही असाच आहे, पण त्याला मर्यादा आहे. 'फुटणे—अक्रि.' आणि 'फोडणे—सक्रि.' या खुणांवरून 'माठ फुटला' पण 'राजूने माठ फोडला' हा फरक कळतो. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याला 'ने' लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. परंतु 'शिकणे' आणि 'विसरणे' सकर्मक असूनही 'तो धडा शिकला', 'ती डबा विसरली' असेच म्हणतात. हा अपवाद 'सक्रि.' या खुणेत मावत नाही. त्यासाठी अर्थाबरोबर दिलेले उदाहरण वाचावे लागते.

व्याकरणाच्या खुणेनंतर आकडे घातलेले अर्थ येतात. पहिला अर्थ महत्त्वाचा आणि बाकीचे किरकोळ, असा त्या आकड्यांचा अर्थ नसतो. काही कोश मूळचा अर्थ आधी देतात, काही आज जास्त चालणारा आधी देतात. कोणती रीत पाळली आहे हे प्रस्तावनेत सांगितलेले असते. वाचणाऱ्याने पाहायचे ते आकड्यापुढचे गोल कंस. त्यांत वापराची खूण असते, म्हणजे तो अर्थ कुठे, कुणाच्या तोंडी किंवा कोणत्या रोखाने चालतो ते तिथे लिहिलेले असते. 'डोळा' च्या तिसऱ्या अर्थापुढचे '(शेती)' बेण्याचे वाक्य सोडवून टाकते : दोन डोळ्यांची टिपरी म्हणजे कोंब फुटतील अशा दोन जागा असलेले उसाचे तुकडे. 'लागण' चेही तसेच. रोगाचा संसर्ग हा एक अर्थ, आणि '(शेती)' ही खूण असलेला 'लावणी' हा दुसरा.

'(ल.)' ही खूण लाक्षणिक अर्थाची आहे. शब्द मूळ वस्तूवरून उचलून दुसऱ्या कशाला लावला की ती येते. 'आईचा डोळा त्याच्यावर असतो' यातला डोळा हा असा. 'बेणे' या शब्दाला अशा अर्थाबरोबर दुसरीही खूण लागते. बियाणे म्हणून लावायचे कांडे किंवा कंद हा त्याचा सरळ अर्थ. 'इरसाल बेणं आहे' यातला अर्थ लाक्षणिक आहे आणि त्याला निंदेचा वासही आहे, म्हणून तिथे 'निंदार्थी' किंवा तशी खूण हवी. 'ग्राम्य', 'अशिष्ट', 'काव्य' या खुणा त्याच जातीच्या. त्यांनी अर्थ बदलत नाही, तो शब्द कुठे शोभेल एवढे कळते. काव्य अशी खूण असलेला शब्द मुख्याध्यापकांना लिहायच्या रजेच्या अर्जात घातला, तर अर्ज चुकीचा ठरत नाही, पण हसू मात्र येते.

गोल कंसातच प्रदेशाच्या खुणा येतात. य. रा. दाते, चिं. ग. कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' 1932 ते 1938 या काळात सात विभागांत निघाला. त्यात '(व.)' म्हणजे वऱ्हाडी, '(गो.)' म्हणजे गोमंतकी, '(खा.)' म्हणजे खानदेशी, '(ना.)' म्हणजे नागपुरी. शब्दाला अशी खूण आहे म्हणून तो अशुद्ध ठरत नाही. तो कोणत्या भागात बोलतात एवढेच तिथे सांगितले आहे.

नोंदीच्या शेवटी चौकोनी कंस असला तर त्यात शब्दाचे मूळ असते. 'सं.' संस्कृत, 'प्रा.' प्राकृत, 'फा.' फारसी, 'का.' कानडी, 'पोर्तु.' पोर्तुगीज. नुसते '[सं.]' असेल तर शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे, आणि 'पान' पुढे '[सं. पर्ण]' असेल तर तो पर्ण या शब्दापासून बदलत आला आहे, असे समजायचे. 'डोळा' च्या तिसऱ्या अर्थात आलेल्या बटाट्यापुढे '[पोर्तु.]' दिसते. मात्र चौकोनी कंसातल्या माहितीवरून आजचा अर्थ लावू नये. 'खून' हा फारसी शब्द आहे आणि फारसीत त्याचा अर्थ रक्त. मराठीत खून होतो तो माणसाचा. संक्षेप वाचताना जागेकडे पाहणे म्हणून आवश्यक आहे. 'ना.' हे अक्षर एखाद्या कोशात व्याकरणाच्या जागी 'नाम' असेल आणि दुसऱ्या कोशात गोल कंसात 'नागपुरी'.

अर्थ संपल्यावर पोटनोंदी येतात. 'वाप्र.' म्हणजे वाक्प्रचार, 'म्ह.' म्हणजे म्हण, 'सामाश.' म्हणजे सामासिक शब्द. इथले छोटे वर्तुळ '॰' शीर्षशब्दाच्या जागी असते, म्हणून '॰लागणे' हे 'डोळा लागणे' असे वाचायचे. 'पानगळ' किंवा 'पानमळा' कोशात नाही, अशी तक्रार येते ती पुष्कळदा याच खुणेमुळे. ते शब्द 'पान' च्या पोटात '॰गळ', '॰मळा' असे छापलेले असतात. म्हणही तिच्यातल्या एखाद्या मुख्य शब्दाखाली असते. एका शब्दाखाली मिळाली नाही, तर दुसऱ्याखाली पाहावी. नोंदीत अर्थ न देता नुसते 'पहा' म्हटले असेल, तर तो शब्द दुसऱ्या शब्दाचे पर्यायी रूप आहे आणि खरी नोंद तिकडे आहे.

मोठ्या कोशांत अर्थापुढे जुन्या ग्रंथांचे आधार असतात. 'ज्ञा' आणि पुढे दोन आकडे असतील तर ज्ञानेश्वरीचा अध्याय आणि ओवी, 'दा' आणि तीन आकडे असतील तर दासबोधाचा दशक, समास आणि ओवी. ज्या अर्थाला केवळ असेच आधार आहेत तो आज बोलण्यात असेलच असे नाही.

ज्या शब्दाला कोणतीच खूण नाही, तो सर्वत्र आणि सर्वांना चालणारा शब्द, असे धरले जाते. पण तो चालत होता कोश छापला तेव्हा. 1930 च्या दशकातल्या कोशात 'आगबोट' ला कालबाह्य म्हणण्याचे कारण नव्हते. आज ते आहे. म्हणून जुना कोश हाती घेतला की आधी मुखपृष्ठाच्या आतले प्रकाशनवर्ष पाहावे.

संक्षेपांची पूर्ण यादी कोशाच्या सुरुवातीच्या पानांत असते, आणि अनेक विभागांचा कोश असेल तर ती बहुधा पहिल्या विभागात. दोन कोशांच्या याद्या सारख्या नसतात. एका कोशाची सवय झालेल्या विद्यार्थ्यानेही दुसरा उघडताना पहिली पाच मिनिटे त्याच यादीला द्यावीत.