शॉकअप गेले की गाडी का झुलते

मेकॅनिक गाडीचा पुढचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडतो आणि ती किती वेळा वरखाली होते ते पाहून सांगतो, शॉकअप गेलेत. त्याच्या या परीक्षेमागचं गणित एका ओळीचं आहे:

m x″ + c x′ + k x = 0

x म्हणजे कोपरा नेहमीच्या जागेपासून किती सरकला ते, x′ त्याचा वेग, x″ त्याचं त्वरण. k हा स्प्रिंगचा ताठपणा. ती जितकी दबेल तितक्या जोराने परत ढकलते. c शॉकअपचा. त्यातलं तेल बारीक भोकांतून जाताना वेगाच्या प्रमाणात विरोध करतं आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत जाते.

एका चाकावर 300 किलो भार आणि k = 30,000 न्यूटन प्रति मीटर धरू. उत्तर e^(rt) या रूपात शोधलं, की m r² + c r + k = 0 हे वर्गसमीकरण उरतं. पुढचं सगळं दहावीतल्या विवेचकावर, म्हणजे c² − 4mk वर ठरतं. आपल्या आकड्यांत c = 6,000 असताना तो शून्य होतो. हे क्रांतिक अवमंदन.

जुन्या शॉकअपमधलं तेल गळून c 600 वर आला, तर विवेचक ऋण होतो, मुळांत काल्पनिक भाग येतो आणि त्यातूनच झोके निघतात. 5 सेंटिमीटर दाबून सोडलेली गाडी 0.63 सेकंदाला एक झोका घेते आणि दर झोक्याला साधारण निम्मी उरते: 5, 2.7, 1.4. झोके विसाव्या हिश्शावर यायला तीन सेकंद लागतात. क्रांतिक अवस्थेत तेवढंच काम अर्ध्या सेकंदात होतं, तेही पलीकडे न जाता.

मग c आणखी वाढवावा का? 15,000 केला तर झोका नाहीच, पण आता दोन मुळं मिळतात, −2.1 आणि −47.9, आणि त्यातलं सावकाश मूळ सगळ्यांना खोळंबवतं. गाडी दीड सेकंद रेंगाळत वर येते. रस्त्यावर एवढ्यात पुढचा खड्डा आलेला असतो. आधीच दबलेली स्प्रिंग आणखी दबते.

इतकं असूनही गाड्यांचे शॉकअप क्रांतिक ठेवत नाहीत. बहुधा त्याच्या 20 ते 40 टक्केच ठेवतात, कारण रस्त्यावर हात नाही, चाक हलतं. उंचवट्यावर चाक झटक्यात वर जातं आणि ताठ शॉकअप तो वेग तसाच आत बसलेल्यांच्या पाठीपर्यंत पोहोचवतो. 30 टक्क्यांवर, c = 1,800 असताना, सोडलेला कोपरा 5 सेंटिमीटरचा एकदा पलीकडे 1.9 जातो, परत 0.7 येतो आणि थांबल्यासारखाच वाटतो. म्हणून एकदा वर जाऊन बसणारी गाडी ठीक, तीन-चारदा झुलणारी बिघडलेली.

खऱ्या शॉकअपचा c मात्र एकच आकडा नसतो. स्प्रिंग दबतानापेक्षा सुटताना तो बहुधा जास्त ठेवलेला असतो. शिवाय हाताने दाबताना वेग कमी आणि सांध्यांचं घर्षण मोठं, त्यामुळे अर्धवट झिजलेला शॉकअप या परीक्षेत सहज पास होतो.