हिरवी टिक आणि केओटी

सकाळचे पावणेनऊ. कोथरूडमधल्या एका छोट्या कॅफेच्या काउंटरवर एक ताई फोन पुढे करून उभ्या होत्या. "हे बघा, दोनशे सत्तर गेलेत. हिरवी टिक आहे, बँकेचा मेसेजही आलाय." आतला मुलगा टॅब खालीवर सरकवून म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे ऑर्डरच दिसत नाहीये."

दोघंही खरं बोलत होते. मी आगाऊ ऑर्डर घेणाऱ्या ॲपच्या सर्व्हरचं काम करतो, आणि ताईंनी वापरलेलं ॲप आमचंच होतं. कोपऱ्यातल्या टेबलावर मी चहा घेत बसलो होतो आणि तो काही गोड लागला नाही. घरून निघतानाच ऑर्डर द्यायची, पैसे भरायचे आणि पोचल्यावर फक्त पिशवी उचलायची, एवढं साधं हे प्रकरण दिसतं. त्याच्या आत नक्की काय चालतं याबद्दल गिऱ्हाइकांच्याच नव्हे, कॅफेवाल्यांच्याही डोक्यात काही पक्के गैरसमज आहेत. ते या एका ऑर्डरवरूनच बघू.

"माझ्या फोनवर टिक आली म्हणजे कॅफेला कळलं"

ऑर्डर क्रमांक 4127. एक कोल्ड कॉफी, एक ग्रिल सँडविच, मिळून ₹270. ताईंनी 8:31 ला ऑर्डर दिली आणि घ्यायची वेळ निवडली 8:50. बटण दाबल्यावर सर्व्हरने ऑर्डर PENDING म्हणून लिहून ठेवली. रक्कम त्याने स्वतःच्या मेनूवरून मोजली, फोनने सांगितलेली धरली नाही. मग पेमेंट गेटवेला कळवलं की 27000 येणं आहे. गेटवेचा हिशोब पैशांत चालतो, म्हणून हा आकडा. त्यानंतर ताईंच्या फोनवर यूपीआयचं ॲप उघडलं आणि त्यांनी पिन टाकला.

इथून पुढे बातमी दोन वाटांनी जाते. पहिली वाट फोनवरच संपते: बँक, एनपीसीआय आणि ताईंचं यूपीआय ॲप यांच्यात बोलणं होतं आणि टिक उमटते. दुसरी वाट गेटवेच्या बँकेकडून गेटवेकडे आणि तिथून आमच्या सर्व्हरकडे येते. या शेवटच्या निरोपाला वेबहूक म्हणतात. रेझरपे वापरत असाल तर निरोपाचं नाव `payment.captured` असतं. बहुतेक वेळा दोन्ही वाटा दोन-चार सेकंदांच्या फरकाने पोचतात, त्यामुळे त्या दोन आहेत हे कुणाच्या लक्षातच येत नाही. एखाद्या दिवशी बँकेचं उत्तर रेंगाळलं की टिक पुढे आणि निरोप मागे राहतो.

मग फोनवरच्या टिकेवरच विश्वास का ठेवायचा नाही? किराणा दुकानातला साउंडबॉक्स आठवा. गिऱ्हाईक स्क्रीन दाखवत असतं, पण दुकानदाराचे कान डबीकडे असतात. खोट्या टिकेचे स्क्रीनशॉट दाखवून माल नेल्याचे प्रकार झाल्यावर दुकानदार शहाणे झाले. वेबहूक हा सर्व्हरचा साउंडबॉक्स आहे. फरक एवढाच की तो निरोप कुणीही पाठवू शकतं, म्हणून त्यावर शिक्का लागतो. गेटवे आणि सर्व्हर यांच्यात एक गुप्त किल्ली ठरलेली असते. त्या किल्लीने मजकुरावरून काढलेली सही `X-Razorpay-Signature` या नावाने निरोपासोबत येते. सर्व्हर तीच सही स्वतः काढून बघतो. जुळली नाही तर निरोप केराच्या टोपलीत. जुळली तरी रक्कम 27000 च आहे ना, हे ताडून बघायचं.

आणखी एक गंमत. आमचा सर्व्हर पोच द्यायला उशीर करू लागला की गेटवे तोच निरोप पुन्हा पाठवतो. सुरुवातीच्या दिवसांत आम्ही प्रत्येक निरोपाला एक केओटी, म्हणजे किचनची चिठ्ठी, काढत होतो. एका रविवारी प्रिंटरमधून एकाच ऑर्डरच्या तीन चिठ्ठ्या निघाल्या आणि किचनने इमानेइतबारे तीन सँडविच भाजली. इलाज एका ओळीचा होता:

```sql
UPDATE orders SET status = 'PAID'
WHERE id = 4127 AND status = 'PENDING';
```

पहिल्या निरोपाला एक ओळ बदलते. दुसऱ्याला बदलायला काही उरलेलंच नसतं, बदललेल्या ओळी शून्य. ओळ बदलली तरच केओटी रांगेत लावायची.

"पैसे नुसते अडकवून ठेवतात, कॉफी हातात आल्यावर कापतात"

हा समज अगदीच बिनबुडाचा नाही. क्रेडिट कार्डात तशी सोय आहे. हॉटेलवाले खोली देताना मर्यादेतली रक्कम आधी रोखून धरतात आणि निघताना खरं बिल वसूल करतात. आयपीओला अर्ज केल्यावर पैसे आपल्याच खात्यात गोठतात, तेही त्याच जातीचं. पण सकाळच्या कॉफीचे पैसे आपण नेहमीच्या यूपीआयने भरतो, आणि तिथे पिन टाकला की रक्कम खात्यातून तत्क्षणी जाते.

ती कॅफेच्या गल्ल्यात मात्र त्याच मिनिटाला पडत नाही. गेटवेला ती बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावी लागते, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, आणि तिथून ती ठरल्या दिवशी कॅफेच्या खात्यात जाते. म्हणून ऑर्डर रद्द झाली की "अडकवलेले सोडले" असं होत नाही. गेलेले पैसे परत पाठवावे लागतात, तो उलटा प्रवास असतो आणि त्याला वेळ लागतो. मॅनेजरला हे माहीत नसलं की तो गिऱ्हाइकाला "कटलेच नाहीत, बघा नीट" असं सांगतो आणि भांडण पेटतं.

"पैसे भरले की लगेच बनायला लागतं"

पैसे आले म्हणजे ऑर्डर पक्की झाली. ती किचनला कधी दिसावी हा वेगळा प्रश्न आहे, आणि माझ्या मते या धंद्यातला खरा अवघड प्रश्न हाच. स्टारबक्सने आगाऊ ऑर्डरची सोय 2014 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये सुरू केली आणि 2015 मध्ये ती देशभर नेली. 2017 च्या सुरुवातीला कंपनीनेच सांगितलं की वर्दळीच्या दुकानांत पेयं घेण्याच्या जागी इतकी कोंडी होते आहे की दारातून आत आलेले काही लोक न घेताच परत जात आहेत. पैसे देण्याची रांग गेली आणि ती बनवण्याच्या जागी जाऊन उभी राहिली.

कोथरूडच्या या कॅफेत ग्रिलरवर एका वेळी दोन सँडविच मावतात आणि भाजायला 7 मिनिटं लागतात. कोल्ड कॉफी 3 मिनिटांत होते, तीही बाजूला, म्हणून ती हिशोबात मोजायचीच नाही. पिशवी भरायला 2 मिनिटं. ग्रिलर मोकळा असेल तर 8:50 च्या ऑर्डरची केओटी 8:41 ला निघायला हवी. 8:31 लाच काढली तर सँडविच दहा मिनिटं पडून गार होईल आणि कोल्ड कॉफीवरचा फेस बसेल.

समजा 8:31 लाच चार सँडविच रांगेत आहेत. दोनदोन करत ग्रिलर 8:45 ला मोकळा होईल, ताईंचं सँडविच 8:52 ला उतरेल आणि पिशवी 8:54 ला तयार होईल. अशा वेळी ॲपने 8:50 ही वेळ दाखवायचीच नाही, 8:55 पासून पुढच्या दाखवायच्या. म्हणजे केओटी सोडण्याची वेळ पैसे घेण्याआधीच ठरलेली असते. पैसे येईपर्यंत ग्रिलरवरची ती जागा ऑर्डरच्या नावाने राखून ठेवलेली असते, आमच्याकडे 5 मिनिटं. तेवढ्यात निरोप आला नाही तर ऑर्डर EXPIRED आणि जागा दुसऱ्याला.

"लोकेशन चालू आहे, मी जवळ आलो की तुम्हाला कळेलच की," असंही बरेच जण म्हणतात. कळतं, पण उशिरा. ॲप मागे पडलेलं असलं की अँड्रॉइड फोन अशी खबर काही मिनिटांच्या अंतराने तपासतो, बॅटरी वाचवायची असते. कर्वे रस्त्यावर सिग्नलला अडकलेला माणूस आणि काउंटरसमोरचा माणूस यातला फरक त्याला वेळेवर सांगता येत नाही. सात मिनिटांचं सँडविच त्या भरवशावर लावायचं नसतं. आमच्या एका कॅफेने साधा उपाय केला: 'मी पोचलो' असं बटण, तेही फक्त ओतायला अर्धं मिनिट लागणाऱ्या गरम पेयांसाठी.

"दिसत नाही म्हणजे कॅफेने खाल्ले"

आता ताईंकडे वळू. मी टेबलावरच लॅपटॉप उघडून 4127 ची नोंद काढली. 8:31 ला PENDING. 8:36 ला EXPIRED, कारण पाच मिनिटं संपली होती. 8:39 ला बँकेने गेटवेला अखेर होकार दिला आणि निरोप आला. मधल्या काळात आमचा सर्व्हर दर अर्ध्या मिनिटाला गेटवेला स्वतःहून विचारत होता, पण गेटवेलाच माहीत नव्हतं तर तो काय सांगणार. निरोप आला तेव्हा ओळ PENDING राहिली नव्हती. सर्व्हरने नियमाप्रमाणे पैसे परत पाठवायला लावले. टॅबवर फक्त PAID झालेल्या ऑर्डरी दिसतात, म्हणून त्या मुलाला काहीच दिसलं नाही.

बँकेतून पैसे गेले आणि दुकानापर्यंत खात्रीचा निरोपच आला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे यूपीआयमध्ये ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप उलटायला हवेत, त्यापुढे दिवसाला ₹100 भरपाई. ताईंची गोष्ट थोडी वेगळी होती. निरोप पोचला होता, उशिरा का होईना. म्हणून तो फसलेला व्यवहार नव्हता, दुकानाने केलेला परतावा होता. अशा वेळी यूपीआय ॲपमधला बारा आकडी यूटीआर क्रमांक दाखवायचा. कॅफेला तो गेटवेच्या खात्यात टाकून पैसे कुठे आहेत ते एका मिनिटात सांगता येतं. व्यवहार 'पेंडिंग' दिसत असेल तर मात्र घाईने दुसऱ्यांदा भरू नये. दोन्ही होकार मागाहून येऊ शकतात आणि मग परताव्याचा घोळ दुप्पट होतो.

नोंद बघताना मला खरी लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. निरोप 8:39 ला आला होता. केओटी निघायची होती 8:41 ला. ग्रिलर त्या सकाळी रिकामाच होता. हातात दोन मिनिटं असताना आम्ही पैसे परत पाठवून बसलो होतो.

कॅफेच्या मालकांनी ताईंना स्वतःच्या हिशोबात सँडविच दिलं, परतावा तर सुटलाच होता. संध्याकाळी मी नियम बदलला. आता EXPIRED ऑर्डरचा निरोप आला की सर्व्हर आधी ग्रिलर बघतो. दिलेली वेळ पाळता येत असेल तर ऑर्डर जिवंत करून केओटी रांगेत लावतो. येत नसेल तरच परतावा, आणि त्याच क्षणी गिऱ्हाइकाला मेसेज. टॅबवरही एक राखाडी पट्टी वाढवली: "4127, पैसे उशिरा आले, परत पाठवले, 8:39." काउंटरवरच्या मुलाला निदान वाचून दाखवायला काहीतरी असतं.