आधी टोकं बघा

बारावीच्या किंवा नीटच्या जीवशास्त्राच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो. डीएनएचा एक धागा काढलेला असतो आणि विचारलेलं असतं की यावरून कोणता आरएनए तयार होईल, किंवा कोणतं प्रथिन. प्रश्न सोपा वाटतो, कारण A समोर T आणि G समोर C एवढं सगळ्यांना पाठ असतं. आरएनएमध्ये T च्या जागी U येतो, हेही माहीत असतं. मुलं डावीकडून सुरू करतात, अक्षराखाली अक्षर लिहीत जातात आणि गुण जातात. जोड्या सगळ्या बरोबर असतात. चुकते ती दिशा.

एक खराखुरा धागा घेऊ. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा ग्लोबिन नावाची एक साखळी असते. तिचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्या जनुकाच्या सुरुवातीजवळचा अठरा अक्षरांचा हा तुकडा, तीन-तीन अक्षरांचे गट पाडून:

```
5'-CTT CTC CTC AGG AGT CAG-3'
```

हा साच्याचा धागा आहे, म्हणजे आरएनए यावरून उतरवला जातो. आता यातून तयार होणारी अमिनो आम्लं सांगायची आहेत.

दोन्ही टोकांना जे 5' आणि 3' लिहिलंय तिकडे मुलांचं लक्ष जात नाही. डीएनएच्या धाग्याचा कणा साखर आणि फॉस्फेट यांचा असतो. साखरेतल्या कार्बन अणूंना क्रमांक दिलेले आहेत. ज्या टोकाला पाचव्या कार्बनची बाजू मोकळी ते 5' टोक, आणि जिथे तिसऱ्याची मोकळी ते 3' टोक. डीएनएचे दोन धागे एकमेकांना चिकटून असले तरी दोन पदरी रस्त्यावरच्या वाहनांसारखे उलट्या दिशांना तोंड करून असतात. एकाचं 5' टोक जिथे, तिथेच दुसऱ्याचं 3' टोक. त्यामुळे वरच्या धाग्याखाली अक्षरं लिहिली, की खालची ओळ उजवीकडून डावीकडे वाचावी लागते:

```
5'-CTT CTC CTC AGG AGT CAG-3'   साचा
3'-GAA GAG GAG UCC UCA GUC-5'   आरएनए
```

रायबोसोम आरएनए नेहमी 5' टोकाकडून वाचतो. म्हणून ही ओळ उलटून लिहू:

```
5'-CUG ACU CCU GAG GAG AAG-3'
```

आता तक्त्यात बघा. ल्युसीन, थ्रिओनीन, प्रोलीन, ग्लुटामिक ॲसिड, ग्लुटामिक ॲसिड, लायसीन. बीटा ग्लोबिनमध्ये तिसऱ्या ते आठव्या जागेवर हीच अमिनो आम्लं, याच क्रमाने असतात. उत्तर जुळलं.

उलटायचं विसरणाऱ्याचं काय होतं? तो GAA GAG GAG UCC UCA GUC असं वाचतो आणि लिहितो: तीन ग्लुटामिक ॲसिड, दोन सेरीन, एक व्हॅलीन. दुसरा एखादा ‘साचा’ हा शब्द वाचतच नाही. तो दिलेल्या धाग्यातल्या T च्या जागी फक्त U घालतो. त्याला मिळतात तीन ल्युसीन, मग आर्जिनीन, सेरीन आणि ग्लुटामीन. दोन्ही उत्तरं दिसायला अगदी व्यवस्थित. मध्येच थांबा सांगणारा कोडॉन आला असता तर निदान शंका तरी आली असती, इथे तोही येत नाही. अशा प्रश्नात चुकीचं उत्तर स्वतःहून ओरडत नाही. पर्यायांमध्ये ही तिन्ही उत्तरं ठेवलेली असतील, तर प्रश्न काढणाऱ्याला आपलं काम येतं असं खुशाल समजावं.

पण प्रश्न काढणारेही फसतात. सिकलसेलचंच बघा. गडचिरोली, नंदुरबारकडच्या वाचकांना या आजाराची ओळख करून द्यायला नको. 1957 साली केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दाखवून दिलं की सिकलसेलच्या हिमोग्लोबिनमध्ये एका ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलीन आलेलं असतं. आपल्या धाग्यावर तो बदल असा दिसतो:

```
5'-CTT CTC CAC AGG AGT CAG-3'
```

तिसऱ्या गटातल्या CTC चं CAC झालं, बाकी काही नाही. नीट उलटून वाचलं तर आरएनएमधला GAG हा कोडॉन GUG होतो आणि ग्लुटामिक ॲसिड जाऊन व्हॅलीन येतं. आता हेच न उलटता वाचा. CTC खाली GAG, CAC खाली GUG. इथेही ग्लुटामिक ॲसिड जाऊन व्हॅलीनच! GAG आणि GUG दोन्ही बाजूंनी सारखेच वाचले जातात, म्हणून दिशा चुकली तरी उत्तर बरोबर येतं. ‘कोणतं अमिनो आम्ल बदललं’ असा प्रश्न सिकलसेलवर विचारला, की दिशा न समजलेल्या विद्यार्थ्यालाही पूर्ण गुण मिळतात. पाठ्यपुस्तकांचं हे सगळ्यात आवडतं उदाहरण, आणि नेमकं या कामाला सगळ्यात कुचकामी.

त्याऐवजी हिमोग्लोबिन सी घ्यावं. पश्चिम आफ्रिकेत आढळणारा हा प्रकार त्याच जागी होतो, पण तिथे GAG चं AAG होतं आणि ग्लुटामिक ॲसिडच्या जागी लायसीन येतं. आपल्या साच्याच्या धाग्यावर CTC चं CTT झालेलं दिसेल. हे न उलटता वाचणारा GAG चं GAA झालं असं म्हणेल, आणि ते दोन्ही कोडॉन ग्लुटामिक ॲसिडचेच. म्हणजे त्याच्या मते काहीच बदललं नाही. चूक उघडी पडली. ईशान्य भारतात बऱ्याच लोकांमध्ये सापडणारं हिमोग्लोबिन ई याच साखळीत, पण सव्विसाव्या जागी होतं. तिथेही GAG चं AAG झालेलं असतं. आपल्याकडच्या प्रश्नपत्रिकेला ते उदाहरण जास्त जवळचं.

वरचा धागा मी साच्याचाच का निवडला, त्याला कारण आहे. मानवी जनुकसंचाचा जो संदर्भ-नकाशा संगणकावर उघडतो, त्यात प्रत्येक गुणसूत्राचा एकच धागा सलग लिहिलेला असतो. जनुकं मात्र दोन्ही धाग्यांवर विखुरलेली असतात. काहींसाठी हा धागा साचा, काहींसाठी समोरचा. ‘साच्याचा धागा’ ही अख्ख्या गुणसूत्राची ओळख नसते, ती जनुकागणिक ठरते. बीटा ग्लोबिनच्या बाबतीत नकाशावर जे लिहिलेलं दिसतं तो साचा असतो. त्यामुळे सिकलसेलचा तोच एक बदल नकाशावर T>A असा नोंदवलेला दिसतो, आणि जनुकाच्या अहवालात `c.20A>T` असा. दोन अहवाल समोर ठेवून कुणी तरी चुकलंय असं वाटू शकतं, पण दोन्ही बरोबर असतात. जागेच्या क्रमांकातही असाच घोळ आहे. प्रथिन तयार होताना सगळ्यात आधी लागणारं मेथिओनीन नंतर कापलं जातं. ते न मोजता ही सहावी जागा, आणि मोजलं तर सातवी. जुनी पुस्तकं सहावी म्हणतात, नवे जनुकीय अहवाल सातवी.

आता प्रतिकृतीचा, म्हणजे रेप्लिकेशनचा प्रश्न. इथे धाग्यावर बसलेला प्रायमर नावाचा एक आखूड तुकडा काढलेला असतो आणि तो कोणत्या बाजूला, कोणत्या अक्षरांनी वाढेल असं विचारतात. डीएनए पॉलिमरेज हे विकर नवं अक्षर फक्त 3' टोकालाच जोडतं. असं का? येणारं प्रत्येक नवं अक्षर आपल्या 5' बाजूला तीन फॉस्फेट घेऊन येतं, आणि ते तुटताना मिळणाऱ्या ऊर्जेवर जोड बसते. चुकीचं अक्षर बसलं तर विकर ते कापून टाकतं. पुढचं अक्षर स्वतःची ऊर्जा घेऊनच येतं, त्यामुळे काम अडत नाही. धागा दुसऱ्या टोकाने वाढत असता, तर ही ऊर्जा त्या वाढत्या टोकावर साठवलेली असती आणि एक चूक कापली की टोक निकामी झालं असतं.

म्हणून प्रायमरच्या प्रश्नात शोधायचं ते त्याचं 3' टोक. समजा आपल्या धाग्यावर प्रायमर उजव्या बाजूला बसला आहे. साच्याचं 3' टोक उजवीकडे, म्हणजे प्रायमरचं 5' टोक तिकडे आणि 3' टोक डावीकडे. प्रायमर डावीकडेच वाढणार. डाव्या बाजूला बसवलेल्या प्रायमरचं 3' टोकही डावीकडेच असतं. त्याच्या उजवीकडे कितीही साचा मोकळा दिसला तरी तिकडे एक अक्षरही वाढणार नाही.

प्रयोगशाळेत हीच गोष्ट पैशांत मोजली जाते. पीसीआरसाठी प्रायमर कंपनीकडून बनवून घेतात. मागणीच्या रकान्यात तुम्ही जे टंकलिखित करता ते कंपनी डावीकडून 5' ते 3' असंच धरते. आपल्या तुकड्यातल्या साच्याच्या धाग्यासारखा प्रायमर हवा असेल तर `CTTCTCCTCAGGAGTCAG` असं लिहायला हवं. पण वहीत तो धागा कोडिंग धाग्याखाली, 3' टोक डावीकडे ठेवून लिहिलेला असतो आणि कुणी तरी तो आहे तसा उतरवतो:

```
GACTGAGGACTCCTCTTC
```

कंपनी हे इमानदारीने बनवून पाठवते. अक्षरं तीच, मोजणी तीच, फक्त टोकं उलटी, म्हणून तो ठरलेल्या जागी चिकटत नाही. जेलवर पट्टी उमटत नाही आणि आठवडाभर तापमान, मॅग्नेशियम, विकर यांच्यावर संशय घेतला जातो. तपासायची रीत सोपी आहे. मागणी पाठवण्यापूर्वी प्रायमर जनुकाच्या 5' ते 3' लिहिलेल्या क्रमात शोधावा. पुढचा प्रायमर जसाच्या तसा सापडायला हवा, आणि मागचा आधी पूरक अक्षरं लिहून, मग ओळ उलटून घेतल्यावर. यातलं काहीच जुळलं नाही तर दिशा चुकली आहे.

विद्यार्थ्यांना एवढंच सांगेन की चित्र समोर आलं की अक्षरांना हात लावण्याआधी दोन्ही टोकं वाचा, धागा साचा आहे की कोडिंग ते वाचा, आणि उत्तराच्या दोन्ही टोकांनाही 5' आणि 3' लिहा. प्रश्न काढणाऱ्यांना विनंती आहे की टोकं छापल्याशिवाय धागा छापू नका. टोकं नसलेल्या धाग्याची आमच्या तुकड्यासारखी एकाहून जास्त उत्तरं निघतात, आणि त्यातलं एकच बरोबर ठरवून बाकीच्यांचे गुण कापणं हा अन्याय आहे.