चांदीच्या कणांवर उमटणारा सिनेमा

2006 साली कोडॅकने चित्रपटसृष्टीला सुमारे 12.4 अब्ज फूट फिल्म विकली. 2014 मध्ये हाच आकडा 45 कोटी फुटांच्या आसपास आला. आठ वर्षांत 96 टक्के घसरण! मधल्या काळात आरी, पॅनाव्हिजन आणि आटों या कंपन्यांनी फिल्मचे नवे कॅमेरे बनवणे थांबवले. जानेवारी 2012 मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि 2013 मध्ये जपानच्या फुजीने चित्रपटाची निगेटिव्ह बनवणे बंद केले. वारे कुठल्या दिशेने वाहत आहेत, हे त्याआधी मुंबईच्या गल्ल्यांतही दिसले होते. ‘स्लमडॉग मिलियनेअर’चा बराचसा भाग तिथे छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांवर चित्रित झाला आणि 2009 मध्ये त्याच चित्रपटाने छायालेखनाचे ऑस्कर पटकावले.

पण ही घसरण नीट पाहायला हवी. विकल्या जाणाऱ्या फिल्मचा मोठा हिस्सा कॅमेऱ्यात जातच नव्हता. तो जायचा थिएटरांसाठीच्या प्रिंटमध्ये. एका मोठ्या हॉलिवूडपटाच्या हजारो प्रिंट निघत आणि प्रत्येक प्रिंट दहा-बारा हजार फुटांची असे. थिएटरांत डिजिटल प्रोजेक्टर आले आणि ही सगळी मागणी एकदम आटली. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथला कोडॅकचा कारखाना प्रचंड उत्पादनासाठी उभारलेला. थोडीशी निगेटिव्ह बनवायची म्हटली तरी तीच अवाढव्य यंत्रे चालवावी लागतात. त्यामुळे प्रिंट गेल्या आणि त्यांच्याबरोबर निगेटिव्हही जाण्याची वेळ आली. तेव्हा टॅरंटिनो, नोलन, एब्रम्स या दिग्दर्शकांनी स्टुडिओंवर दबाव आणला आणि फेब्रुवारी 2015 मध्ये हॉलिवूडच्या सहा मोठ्या स्टुडिओंनी ठरावीक फिल्म विकत घेण्याचे करार कोडॅकशी केले. कारखाना वाचला तो त्यामुळे.

ही माणसे ज्यासाठी भांडली, ती वस्तू मुळात काय आहे? एक पारदर्शक पट्टी आणि तिच्यावर जिलेटिनचा अतिशय पातळ थर. त्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. पूर्वी ही पट्टी नायट्रेटची असे आणि ती भयंकर पेटे. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ठेवलेला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेटचा साठा 2003 च्या आगीत जळून गेला. 1950 च्या दशकापासून ॲसिटेटची सुरक्षित पट्टी रुळली.

शटर उघडून प्रकाश आत आला, की तो ज्या स्फटिकावर पडतो तिथे चांदीचे मोजके अणू मोकळे होतात. हे चित्र डोळ्यांना दिसत नाही, पण ते उमटलेले असते. लॅबमधल्या डेव्हलपरमध्ये फिल्म बुडाली, की तेवढ्याशा खुणेवरून आख्ख्या स्फटिकाची काळी चांदी होते. प्रकाश न लागलेले स्फटिक फिक्सरमध्ये विरघळून जातात. रंगीत फिल्ममध्ये निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशासाठी वेगवेगळे थर असतात. डेव्हलप होताना प्रत्येक थरात चांदीभोवती रंगद्रव्य तयार होते आणि नंतर चांदी काढून टाकली जाते. म्हणजे रंगीत चित्रपटात पडद्यावर जो ग्रेन दिसतो, तो चांदीचा नसून तिने मागे सोडलेल्या रंगाच्या पुंजक्यांचा.

फिल्मची सारी तडजोड याच स्फटिकांच्या आकारात आहे. मोठा स्फटिक जास्त प्रकाश पकडतो, म्हणून कमी उजेडात चालणारी फिल्म जास्त रवाळ दिसते. अनुभवी छायालेखक गरजेपेक्षा थोडा जास्तच प्रकाश देतो, कारण मग लहान स्फटिकही कामाला येतात आणि चित्र मऊ होते. उलट प्रकाश कमी पडला, तर सावल्या गढूळ होतात आणि ग्रेन उसळून वर येतो. ती चूक नंतर दुरुस्त होत नाही.

मग कुणी मुद्दाम रवाळ चित्र का मागेल? टॉड हेन्स आणि छायालेखक एड लॅकमन यांनी 2015 चा ‘कॅरल’ सुपर 16 फिल्मवर घेतला. 16 मिलिमीटरची चौकट लहान, पडद्यावर ती अधिक पटींनी मोठी होते आणि ग्रेनही तेवढाच ठळक होतो. डिजिटल सेन्सरचे बिंदू प्रत्येक चौकटीत जागच्या जागी असतात. फिल्मवर मात्र सेकंदाला चोवीस वेळा नवी रांगोळी पडते, कण दरवेळी वेगळ्या जागी. त्यामुळे स्थिर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही सूक्ष्म हालचाल जाणवते. फारसे न बोलणाऱ्या दोन स्त्रियांच्या त्या कथेत ही थरथर अभिनयाच्या बाजूने उभी राहते. संगणकावरून नंतर चढवलेला ग्रेन बरेचदा चित्रावर पसरलेल्या पडद्यासारखा वाटतो. इथे चित्रच ग्रेनचे बनलेले असते.

दुसरे कारण उजेडाचे. प्रखर प्रकाशात डिजिटल सेन्सर एका मर्यादेपर्यंत नोंद घेतो आणि त्यापुढे सरळ पांढरे पाडतो. निगेटिव्ह हळूहळू भरत जाते, म्हणून खिडकीतले ऊन आणि कपाळावरची चकाकी यांत तपशील शिल्लक राहतो. आजच्या चांगल्या डिजिटल कॅमेऱ्यांनी हे अंतर बरेच कमी केले आहे, हेही मान्य करायला हवे.

किंमत मात्र खरी आहे. 35 मिलिमीटर फिल्म मिनिटाला 90 फूट धावते, म्हणजे हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. आयमॅक्स कॅमेऱ्यात तेवढीच फिल्म तीन मिनिटेही पुरत नाही. दिवसभरात भरलेली रिळे लॅबमध्ये जातात आणि काय मिळाले ते लवकरात लवकर दुसऱ्या दिवशी कळते. चित्रीकरण दूरच्या ठिकाणी असेल तर आणखी उशिरा. कॅमेऱ्याच्या गेटमध्ये अडकलेला एक केस सगळे शॉट वाया घालवू शकतो, म्हणून चांगला टेक झाला की सहायक लेन्स काढून टॉर्चने गेट तपासतो. विमानतळावरचे स्कॅनर न धुतलेल्या फिल्मवर धुके चढवतात, ती भीती वेगळीच. पण याच अडचणींमुळे सेटवर तालीम नीट होते आणि ‘ॲक्शन’ म्हटल्यावर सगळे एकाग्र असतात, असे फिल्मवाले दिग्दर्शक सांगत आले आहेत. हे पटण्यासारखे आहे.

या सगळ्याची कसोटी लागली ती ‘ओपनहायमर’मध्ये. नोलनला त्या चित्रपटातल्या स्ट्रॉस या पात्राच्या बाजूने दिसणारा भाग कृष्णधवल हवा होता, तोही आयमॅक्सच्या 65 मिलिमीटर फिल्मवर. अशी फिल्म अस्तित्वातच नव्हती. रंगीत चित्रीकरण करून नंतर रंग काढून टाकणे सोपे होते, पण नोलन आणि छायालेखक हॉयटे व्हान हॉयटेमा यांनी ते नाकारले. मग कोडॅकने 1959 पासून चालत आलेली डबल-एक्स ही कृष्णधवल फिल्म प्रथमच 65 मिलिमीटर रुंदीत तयार केली. या फिल्मची जाडी रंगीत फिल्मपेक्षा वेगळी असल्याने ती कॅमेऱ्यात नेमकी सपाट बसेना, म्हणून कॅमेऱ्यांसाठी नवी गेट आणि फिल्म दाबून धरणाऱ्या पट्ट्या बनवाव्या लागल्या. फिल्म केसभर जरी पुढेमागे झाली, तरी एवढ्या मोठ्या चौकटीत फोकस लगेच जातो. कृष्णधवल फिल्मला रसायनेही वेगळी लागतात. ते काम लॉस एंजेलिसजवळच्या फोटोकेम लॅबने अंगावर घेतले.

2024 मध्ये ‘ओपनहायमर’ला छायालेखनाचे ऑस्कर मिळाले. चित्रपटाची आयमॅक्स प्रिंट सुमारे 11 मैल लांब आणि 600 पौंडांच्या आसपास वजनाची होती. 2023 मध्ये ती जगभरातल्या 30 थिएटरांत लागली. त्या 30 पैकी एकही भारतात नव्हते. आपल्याकडे आयमॅक्समध्ये हा चित्रपट ज्यांनी पाहिला, त्यांनी तो डिजिटल प्रोजेक्टरवरच पाहिला.