समेवर कापलेली रिंगटोन

आवडत्या गाण्याचा तुकडा काढून रिंगटोन केली, पण फोन वाजताना तीच कानाला खुपते, ही तक्रार नेहमी ऐकू येते. सुरुवातीला ‘टक्’ असा आवाज येतो, शब्द अर्धवट तुटतो, किंवा गाणं रंगात येईपर्यंत कॉल संपलेला असतो. तिन्हींवर लोक एकच उपाय करतात: दोन्ही टोकांना मोठा फेड. आवाज हळूहळू चढवणं किंवा उतरवणं म्हणजे फेड. त्यानं काप झाकला जातो, सुधारत नाही. काप कुठे घ्यायचा हे गाण्याचा ताल सांगतो, आणि तुकडा किती लांब हवा हे फोन किती वेळ वाजतो त्यावरून ठरतं.

आधी लांबी पाहू. कॉल कुणी उचलला नाही तर मोबाइल 30 सेकंद आणि लँडलाइन 60 सेकंद वाजावी, असं भारतातल्या दूरसंचार नियामकानं, म्हणजे ट्रायनं, 2019मध्ये ठरवून दिलं. त्यामुळे तीन मिनिटांचं गाणं जसंच्या तसं लावलं तर त्यातला जेमतेम अर्धा मिनिट ऐकू येणार, आणि तोही बहुतेक वेळा सुरुवातीच्या वाद्यमेळाचा. आयफोनसाठी गॅरेजबँडमधून रिंगटोन बनवताना तिथेही 30 सेकंदांचीच मर्यादा आहे. म्हणून 20 ते 28 सेकंदांचा तुकडा सोयीचा, आणि ओळखीची ओळ त्याच्या अगदी सुरुवातीला हवी.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. तुमच्याकडे एका अभंगाची एमपी3 फाइल आहे. (गाणी ऐकवणाऱ्या अॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं गाणं त्या अॅपबाहेर उघडत नाही, त्यामुळे स्वतंत्र फाइल लागते.) संगणकावर ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम उघडून फाइल त्यात ओढली की आवाजाची लाट पडद्यावर दिसते. अभंगाचा ठेका आठ मात्रांचा आहे. एका समेपासून पुढच्या समेपर्यंतचा भाग माउसनं निवडला की खाली त्याची लांबी दिसते. समजा ती 5 सेकंद भरली. म्हणजे एक आवर्तन 5 सेकंदांचं आणि एक मात्रा 0.625 सेकंदाची.

आता मुखडा. इथे सम 1 मिनिट 13 सेकंदांवर येते, पण गायक ओळ समेच्या दोन मात्रा आधी उचलतो, म्हणजे साधारण 1 मिनिट 11.75 सेकंदांवर. समेवर काप घेतला तर पहिला शब्द गेलाच. म्हणून काप उठावाच्या आधी घ्यायचा, तोही व्यंजनासकट. ‘स’ किंवा ‘श’नं सुरू होणाऱ्या शब्दाची सुरुवात लाटेत फार बारीक दिसते आणि सहज निसटते. चित्र मोठं करून, ऐकून, मगच खूण करावी.

शेवटही आवर्तनातल्या त्याच जागी हवा. मुखड्याची ओळ दोन आवर्तनांची आहे आणि ती दोनदा गायली आहे, म्हणजे चार आवर्तनं, 20 सेकंद. पाच आवर्तनं घेतली तर 25 सेकंद भरतील, पण पुढची ओळ मधेच तुटेल. तेव्हा वीसच घ्यावीत. शेवटची खूण 1 मिनिट 31.75 सेकंदांच्या आसपास पडेल. आसपास अशासाठी, की माणसं वाजवतात तेव्हा लय किंचित पुढेमागे होते. गणितानं जागा शोधावी, नक्की मात्र कानानं करावी.

आता तो ‘टक्’. आवाजाची लाट मधल्या शून्य रेषेच्या वर-खाली फिरत असते. ती उंचावर असताना काप घेतला तर स्पीकरच्या पडद्याला शांततेतून एकदम तिथे उडी मारावी लागते, आणि ती उडी ‘टक्’ होऊन ऐकू येते. ऑडॅसिटीत तुकडा निवडून Z ही कळ दाबली की निवडीच्या कडा जवळच्या शून्य छेदावर सरकतात. मग `Edit` मेनूतल्या `Remove Special` मधून `Trim Audio` निवडलं की बाकीचं गाणं निघून जातं. त्यानंतर पहिल्या 20 मिलिसेकंदांना, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाला, `Fade In` द्यावा. इतका छोटा फेड कानाला कळत नाही, पण टक् जातो. हाच फेड दोन सेकंदांचा केला तर ओळखीचा पहिला शब्दच दबतो, आणि खिशातला फोन उशिरा ऐकू येतो.

शेवटी मात्र एक सेकंदाचा फेड हवा. फोन तुकडा पुन्हा सुरू करतो तेव्हा अनेकदा मधे बारीक खंड पडतो. आवाज आधीच उतरलेला असला तर तो खंड खटकत नाही. साधा `Fade Out` सरळ रेषेत उतरतो, पण कान तसं ऐकत नाही. लाटेची उंची निम्मी झाली तरी आवाज निम्मा वाटत नाही, आणि अगदी शेवटी तो एकदम खाली गेल्यासारखा वाटतो. त्याऐवजी `Studio Fade Out` वापरला तर उतार नैसर्गिक वाटतो. तुकड्याच्या सुरुवातीला आधीच्या ओळीचा घुमारा रेंगाळत असेल, तर तो कुठल्याही फेडनं पुरता जात नाही. गायक श्वास घेऊन ओळ पुन्हा उचलतो अशी दुसरी जागा शोधावी.

फोनचा इवलासा स्पीकर पखवाजाचा खर्ज वाजवू शकत नाही. तो खर्ज फाइलमध्ये राहिला तर नुसती जागा अडवतो आणि मोठ्या आवाजात घरघर करतो. `High-Pass Filter` 200 हर्ट्झवर लावला की गळा आणि टाळ मोकळे होतात. हे काम फेडच्या आधी करावं, आणि सगळ्यात शेवटी `Normalize` करून सर्वांत उंच टोक उणे 1 डेसिबलवर आणावं. त्याहून वर रेटलं तर लाटेची टोकं सपाट होतात आणि आवाज फाटतो. ते हेडफोनवर न तपासता थेट फोनवर, शेजारच्या खोलीत उभं राहून तपासावं.

संदेशाच्या सूचनेसाठी हिशोब वेगळा. एक ते दीड सेकंद पुरे, कारण हा आवाज दिवसात कितीतरी वेळा वाजतो. तिथे ओळ घेऊ नये. टाळेचा एक ठोका किंवा संतूरचा एक सूर घ्यावा, जो आपणहून विरतो. मग फेड फक्त शेवटच्या 0.3 सेकंदाला लागतो. पुढचा ठोका येण्याआधी सूर विरायला जागा असलेला भाग बहुधा गाण्याच्या शेवटी किंवा संथ आलापाजवळ सापडतो.

तयार तुकडा अँड्रॉइडसाठी ओजीजी किंवा एमपी3 म्हणून साठवावा. फोनच्या मेमरीत रिंगटोन `Ringtones` या फोल्डरमध्ये आणि सूचनेचा आवाज `Notifications` मध्ये ठेवला की सेटिंगच्या यादीत तो नावानं दिसतो. मूळ गाणं आणि ऑडॅसिटीचा प्रकल्प मात्र जपून ठेवावा. एमपी3 पुन्हा एमपी3 म्हणून साठवली की दर वेळी थोडा दर्जा जातो, त्यामुळे पुढे कापाची जागा बदलायची झाली तर काम मूळ फाइलपासूनच सुरू करावं.