एक खूण आपल्यापाशी ठेवा

शेजारच्या मुलाने परवा हरवलेल्या कुत्र्याची चिठ्ठी लिहून आणली. म्हणाला, "चाचा, तुम्ही कविता लिहिता, जरा नीट करून द्या." चिठ्ठीत होते, ‘आमचा लाडका मोती हरवला आहे. आणून देणाऱ्यास भरघोस बक्षीस.’ माया पुष्कळ होती; पण मोती काळा की पांढरा, ते कुठेच नव्हते.

आम्ही ती पुन्हा लिहिली. ‘तांबूस गावठी कुत्रा, उंची गुडघ्याइतकी, शेपटीचे टोक पांढरे, गळ्यात निळा पट्टा. मंगळवारी संध्याकाळी ७ च्या सुमारास बस स्थानकाजवळ दिसला होता. फटाक्यांना घाबरला आहे. पाठलाग करू नका. जागा पाहून ठेवा आणि फोन करा.’ वर पूर्ण अंग दिसणारा फोटो, खाली ठळक आकड्यांत मोबाइल नंबर.

आपले अक्कलकुवा गुजरातच्या हद्दीजवळचे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला मराठी वाचता येईलच असे नाही. म्हणून फोटो हवाच आणि एक ओळ गुजरातीतही हवी. चिठ्ठी भिंतीपेक्षा चहाच्या टपरीवर अधिक वाचली जाते.

‘पाठलाग करू नका’ हे मुद्दाम लिहिले. बावरलेला कुत्रा कधी कधी ओळखीच्या माणसापासूनही पळतो आणि थेट वाहनांखाली जातो. बघणाऱ्याने लांब थांबावे. मालकाने खाणे घेऊन यावे, खाली बसावे आणि हळू आवाजात हाक मारावी.

मोतीच्या उजव्या कानाच्या आत काळा ठिपका आहे, हेही मुलाला लिहायचे होते. ते मात्र मी खोडले. ती खूण आपल्यापाशी राहू द्यायची. उद्या कोणी फोन करील, "कुत्रा माझ्याकडे आहे, आधी हजार रुपये पाठवा." त्याला विचारावे, उजव्या कानात काय आहे? ज्याच्यापाशी कुत्रा आहे तो कान पाहून सांगेल. ज्याच्यापाशी फक्त आपली चिठ्ठी आहे तो अडखळेल. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणी मागितला तर समजावे, हा कुत्र्यासाठी आलेला फोन नव्हे. बक्षिसाची रक्कम आणि घराचा पत्ता चिठ्ठीत नको. कुत्रा घ्यायला दिवसाउजेडी, चारचौघांच्या जागी जावे आणि सोबत कोणाला तरी न्यावे.

आणखी एक. पकडताना कुत्रा चावला किंवा त्याचे दात लागून ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट काही लावू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते. परत आलेल्या कुत्र्यालाही जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे, कारण बाहेर त्याला कोण चावले हे आपल्याला ठाऊक नसते.

आणि तो सापडला की सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकाव्यात. नाहीतर महिनाभर लोक दिसेल तो तांबूस कुत्रा धरून आणतील.